मागच्या दाराची वीस मिनिटं

बांगडा ताजा दिसत होता. वास नव्हता. तिखल्यात व्यवस्थित शिजलाही होता. तरी जेवून अर्धा तास होतो न होतो तोच चेहरा लालबुंद झाला, मानेला खाज सुटली, डोकं ठणकायला लागलं, छातीत धडधडू लागलं. घरातले म्हणतात, तुला माशाची ॲलर्जी झाली. पण हाच माणूस लहानपणापासून बांगडा खात आलाय, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा खातो तेव्हा त्याला काहीही होत नाही. मग त्या एका दिवशी काय झालं? नीट शिजवलेला मासा बाधला कसा?

हा प्रश्न चुलीजवळ सुटत नाही. त्याचं उत्तर स्वयंपाकघराच्या मागच्या दारात आहे. टेम्पो येतो, क्रेट उतरतात आणि कोणीतरी चलनावर सही करतं, तिथे. मी बरीच वर्षं हॉटेलांच्या स्टोअरमध्ये माल उतरवून घेण्याचं काम केलं. चांगला आचारी खारट रस्सा सांभाळून घेतो, करपलेला कांदा बाजूला काढतो. पण काही दोष असे असतात की माल दारातून आत आला की ते कोणाच्याच हातून सुटत नाहीत. बांगड्याचा हा दोष त्यातला पहिला.

उकळूनही न जाणारी गोष्ट

बांगडा, सुरमई, कुपा या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. प्रथिनं ज्या लहान तुकड्यांची बनलेली असतात, त्यांतला हा एक तुकडा. त्यात धोका काही नाही. माशाच्या कल्ल्यांत आणि आतड्यांत मात्र काही जिवाणू असतात. मासा जिवंत असेपर्यंत ते आपल्या जागी राहतात. मासा मेल्यावर ते मांसात शिरतात आणि ऊब मिळाली की हिस्टिडीनचं हिस्टामिन करायला लागतात. ॲलर्जी होते तेव्हा आपलं शरीर स्वतः जे रसायन सोडतं, तेच हे. म्हणून लक्षणं हुबेहूब ॲलर्जीसारखी दिसतात, आणि औषधही बहुधा ॲलर्जीचंच लागू पडतं.

हिस्टामिन उष्णतेला दाद देत नाही. तळा, उकळा, भाजा, ते तसंच राहतं. जिवाणू मरतात, पण त्यांनी करून ठेवलेलं हिस्टामिन मागे उरतं. चोर पळून गेला तरी फोडलेलं कुलूप जसं जोडलं जात नाही, तसं. गोठवूनही ते नाहीसं होत नाही. शिवाय त्याला ओळखता येईल असा वास नाही. मासा कुजल्याची घाण सुटण्याआधीच हिस्टामिन बाधेल इतकं साठलेलं असू शकतं. नाक सांगतं सगळं ठीक आहे, आणि ते खोटंही बोलत नसतं. त्याला कळण्यासारखं तिथे काही नसतंच.

म्हणजे या माशांच्या बाबतीत प्रश्न एकच उरतो: पकडल्यापासून दारात येईपर्यंत मासा किती काळ उबेत राहिला? हे आचाऱ्याला कळणार नाही, गिऱ्हाइकाला तर नाहीच. कळलं तर ते फक्त दारात उभ्या असलेल्या माणसाला, आणि तेही त्याच्या हातात थर्मामीटर असला तर.

पावणेसातचा टेम्पो

नेहमीची एक सकाळ घेऊ. ठिकाण दादरमधलं मध्यम आकाराचं मालवणी हॉटेल, महिना ऑक्टोबर. माल ससून डॉकवरून येतो. १८७५ साली बांधलेल्या या गोदीत पहाटेच बोली लागते, आणि तिथून शहरभरच्या हॉटेलांकडे टेम्पो सुटतात. आपला टेम्पो पावणेसातला मागच्या गल्लीत लागतो. त्यात आपल्यासाठी सुरमई १५ किलो, बांगडा ८ किलो आणि गोठवलेल्या कोळंबीची पाच पाकिटं आहेत. स्टोअर सांभाळणाऱ्या ताई काटा, थर्मामीटर आणि रिकामी पाटी घेऊन उभ्या आहेत.

"ताई, आधी सही द्या ना. अजून चार ठिकाणी जायचंय," टेम्पोवाला म्हणतो.

"दादा, वीस मिनिटं. तोवर चहा घ्या. काटा लागला की सही."

या वीस मिनिटांची जागा आधीच राखून ठेवावी लागते. दुपारी साडेबाराला, ऑर्डरी सुरू असताना माल आला, तर कोणीही तो नीट तपासत नाही. क्रेट आत सरकवला जातो आणि सही मागून होते. म्हणून चांगली हॉटेलं मासे-मटणाची वेळ सकाळी ठरवून देतात आणि त्या वेळेबाहेर आलेल्या गाडीला थांबवून ठेवतात. पुरवठादार सुरुवातीला कुरकुरतात. महिनाभरात त्यांच्याही गाड्या वेळेवर यायला लागतात, हे मी स्वतः पाहिलं आहे.

थंडी मोजायची कुठे

ताई सगळ्यात आधी तापमान बघतात, वजन नंतर. कारण साधं आहे. वजन पंधरा मिनिटांनी केलं तरी तेवढंच भरेल. तापमान मात्र गल्लीतल्या हवेत मिनिटागणिक चढत असतं. थंड मालासाठी आपल्याकडची सर्वमान्य मर्यादा ५ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली, आणि गोठवलेल्यासाठी उणे १८. ताज्या माशाला मात्र ५ अंशांवर समाधान मानू नये. तो बर्फात, म्हणजे शून्याच्या आसपास यायला हवा.

टेम्पोवाला केबिनमधला आकडा दाखवतो. त्यावर ३ अंश आहे. ताई मान हलवतात आणि क्रेट उतरवायला सांगतात. तो आकडा गाडीतल्या हवेचा आहे. हवा पटकन गार होते, माल होत नाही. फ्रिज आत्ता सुरू केला तरी हवेचा काटा पाच-दहा मिनिटांत खाली येईल. क्रेटच्या पोटातल्या माशाला त्याचा पत्ताही लागणार नाही.

घरातलं उदाहरण बघा. ताटात पसरलेला भात दहा मिनिटांत निवतो. तोच भात पातेल्यात दडपून ठेवला तर दुपारपर्यंत मध्ये कोमट राहतो. उष्णता आतून बाहेर यायला जो वेळ लागतो, तो जाडीच्या प्रमाणात सरळ वाढत नाही, त्याहून फार झपाट्याने वाढतो. जाडी दुप्पट झाली तर वेळ सुमारे चौपट लागतो. एकेक बांगडा लहानसा असतो, बर्फात सुटा ठेवला तर लवकर गार होतो. पण आठ किलो बांगडे एकावर एक दाबून भरले की त्यांचा मिळून एक जाडजूड गोळा होतो. त्या गोळ्याचा मध्य गार व्हायला कित्येक तास लागतात.

म्हणून माशात बर्फ थराथराने हवा: खाली बर्फ, मग मासे, पुन्हा बर्फ, पुन्हा मासे. बर्फाचं काम नुसतं थंड असण्यावर संपत नाही. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढ्या उष्णतेत एक लिटर पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापेल. आणि पूर्ण वितळेपर्यंत तो स्वतः शून्यावरच राहतो. त्यामुळे क्रेटच्या तळाशी अजून बर्फ शिल्लक आहे आणि त्यातून पाणी झिरपतंय, हे चांगलं लक्षण. तळाशी नुसतं कोमट पाणी आणि वर तेवढा चकचकीत, कोरडा, धारदार कडांचा बर्फ, हे वाईट लक्षण. तो बर्फ वाटेत, बहुधा गल्लीच्या तोंडाशी टाकलेला असतो.

बांगड्याच्या क्रेटमध्ये आज हेच दिसतंय.

ताईंकडे दोन थर्मामीटर आहेत. एक लांबून लाल ठिपका टाकणारा, बंदुकीसारखा. तो वरच्या माशावर धरला तर ४ अंश दाखवतो. पण तो पृष्ठभागापलीकडचं काहीच बघू शकत नाही, आणि चकाकणाऱ्या ओल्या खवल्यांवर तर कधी कधी पृष्ठभागही चुकीचा वाचतो. गाडीतले सगळे क्रेट झरझर चाळून संशयित क्रेट शोधायला तो उत्तम. निकाल त्याच्यावर लावायचा नाही. दुसरा थर्मामीटर सुईचा. ताई बर्फ बाजूला करतात, वरचे दोन थर उचलतात, मधला एक बांगडा घेतात आणि पाठीच्या सर्वांत जाड भागात, काट्याच्या कडेला सुई शिरवतात. आकडा स्थिरावेपर्यंत थांबतात.

१२ अंश.

त्या सुई पुसतात आणि दुसऱ्या कोपऱ्यातला बांगडा बघतात. ११. मग सुरमई. सर्वांत मोठ्या नगाच्या मध्यावर २ अंश, तळाच्या नगात १. सुरमई जाड आहे, तरी थंड आहे, म्हणजे ती वेळेत आणि भरपूर बर्फात भरली गेली. बांगडा बारीक आहे, तरी उबदार आहे, म्हणजे त्याला मधे बर्फ मिळालाच नाही. एकाच गाडीतल्या दोन क्रेटांचा प्रवास इतका वेगळा असू शकतो. म्हणून "गाडीचं तापमान" असं काही नसतं, प्रत्येक मालाचं वेगळं असतं.

इथे टेम्पोवाला म्हणणार, "ताई, बर्फ टाकून फ्रिजमध्ये ठेवा, तासाभरात गार होईल." होईलही. पण गार करून पुढची वाढ थांबते, मागे झालेलं पुसलं जात नाही. हा बांगडा किती वेळ १२ अंशांवर होता हे कोणालाच माहीत नाही. त्यात हिस्टामिन झालं असेल किंवा नसेल. ते प्रयोगशाळेशिवाय कळत नाही, आणि प्रयोगशाळेचा निकाल येईपर्यंत बांगडा टिकत नाही. म्हणून हा क्रेट परत. या जातीच्या माशाच्या बाबतीत मी कधीही तडजोड केली नाही, आणि करू नये असंच मला वाटतं.

चौकट: दाराशी काय असावं

सुईचा थर्मामीटर आणि तो प्रत्येक मालानंतर पुसायला स्पिरिटचे बोळे. काचेचा थर्मामीटर मागच्या दारात कधीच नको, फुटला तर सगळा माल टाकावा लागतो.

थर्मामीटर खरा आहे का ते रोज सकाळी बघता येतं. पेल्यात ठेचलेला बर्फ गच्च भरा, तो बुडेल इतकंच पाणी घाला, दोन मिनिटं ढवळा आणि सुई पेल्याच्या मध्यभागी धरा. आकडा शून्य यायला हवा. उकळत्या पाण्याने तपासताना गफलत होते: मुंबईत पाणी १०० अंशांना उकळतं, पुण्यात उंचीमुळे सुमारे ९८ लाच. बर्फाचं शून्य दोन्हीकडे सारखंच.

सपाट जमिनीवर ठेवलेला, पंख्याच्या झोतापासून दूर असलेला वजनकाटा. त्यावर वैधमापन विभागाचा चालू वर्षाचा शिक्का, आणि जवळ प्रमाणित ५ किलोचं एक वजन.

मासे निथळायला जाळीचा क्रेट, प्रखर पांढरा दिवा, आणि वजनाचे रकाने कोरे ठेवलेली ऑर्डरची यादी. ते कोरे का, ते पुढे येईलच.

ताजेपणा: डोळा, कल्ले, बोट आणि नाक

सुरमई थंड आहे, पण ती ताजी आहे का हा वेगळा प्रश्न. चार दिवसांची शिळी सुरमईही बर्फात घालून २ अंशांवर आणता येते.

ताई एक नग उचलून आडवा धरतात. शेपूट लवत नाही, मासा फळीसारखा ताठ राहतो. मेल्यानंतर काही तासांत स्नायूंमधलं इंधन संपतं आणि ते आखडून बसतात. पुढे माशाचेच पाचक रस मांसाचे धागे सैल करत जातात आणि ताठपणा उतरतो. पाठीवर बोट दाबलं तर खळगा लगेच भरून येतो, त्याचंही कारण हेच. धागे घट्ट असले की मांस उसळून वर येतं, सैल झाले की बोटाचा ठसा तसाच राहतो, मळून फार वेळ ठेवलेल्या कणकेसारखा.

मग डोळा. ताज्या माशाचा डोळा फुगीर, काळाभोर आणि पारदर्शक असतो. आतला दाब कमी होतो तसा तो सपाट होतो, मग खोल जातो आणि दुधाळ दिसतो. एक सावधगिरी मात्र हवी. बर्फाचा खडा थेट डोळ्यावर टेकला असेल तर ताज्या माशाचाही डोळा धुरकट दिसतो. म्हणून एकट्या डोळ्यावरून निकाल नको. कल्ल्याचं झाकण उचलून आत बघायचं. लाल, ओलसर कल्ले चांगले. तपकिरी किंवा राखाडी आणि बुळबुळीत असले तर मासा जुना.

शेवटी नाक, आणि त्याचं कारण मला नेहमी गमतीचं वाटत आलंय. समुद्राचं पाणी खारट असतं आणि ते सतत माशाच्या शरीरातलं पाणी बाहेर ओढत असतं. त्याला तोंड द्यायला समुद्रातला मासा आपल्या पेशींत एक बिनवासाचं रसायन साठवून ठेवतो. मासा मेल्यावर जिवाणू त्याचंच रूपांतर ट्रायमिथिलअमाइनमध्ये करतात, आणि तोच तो "माशाचा वास". म्हणजे खरोखर ताज्या सुरमईला माशाचा वास येतच नाही, समुद्राचा येतो. वास जितका ओळखीचा, मासा तितका जुना. गोड्या पाण्यातल्या माशांत हे रसायन फारसं नसतं, त्यामुळे रोहू-कटल्याला हा नियम तसाच लावता येत नाही.

बाजारात फॉर्मेलिनचीही भीती असते. जुलै २०१८ मध्ये गोव्यात यावरून मोठा गदारोळ झाला होता आणि बाहेरून येणारे मासे काही दिवस बंदच करण्यात आले होते. फॉर्मेलिन मांसाचे धागे जणू शिवून टाकतं, त्यामुळे जुना मासाही ताठ राहतो आणि बोटाची कसोटी फसते. डोळ्यांनी ते पकडण्याच्या ज्या युक्त्या फिरत असतात, त्यांवर माझा भरवसा नाही. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने यासाठी कागदी पट्टीची चाचणी काढली आहे. पुरवठादार नवा असेल किंवा मासा परराज्यातून आला असेल, तर ती पट्टी वापरावी. पावसाळ्यात, १ जूनपासून पश्चिम किनाऱ्यावरची यांत्रिकी मासेमारी बंद असते. तेव्हा "आजचीच सुरमई आहे" असं कोणी सांगितलं, तर नाक आणि पट्टी दोन्ही काढावीत.

बर्फाला माशाचा भाव

सुरमई पास झाली. आता काटा.

ताई आधी प्रमाणित वजन काट्यावर ठेवतात. ५.००० येतं. मग रिकामा जाळीचा क्रेट, २.२ किलो. जुन्या बाजारात याला बारदान म्हणत, आणि तराजूच्या दुसऱ्या पारड्यात तेवढ्या वजनाचा दगड टाकून धडा करत. आता बटण दाबलं की काटा शून्यावर येतो. पण आपल्या हाताने तोललेल्या क्रेटचाच धडा करायचा. "क्रेट दीड किलोचा आहे" हे तोंडी ऐकून वजा केलं, तर भिजलेल्या क्रेटचे शेदोनशे ग्रॅम माशाच्या भावाने घरात येतात.

सुरमई बर्फातून उचलून जाळीच्या क्रेटमध्ये ठेवली जाते आणि दोन मिनिटं निथळू दिली जाते. मग वजन: १४.१ किलो. चलनावर १५ आहे. नऊशे ग्रॅम तूट. किलोला ९०० रुपये भाव धरला तर ८१० रुपये. आठवड्यातून सहा दिवस सुरमई येते असं धरलं, तर महिन्याला वीस हजारांच्या वर. यात लबाडीच असेल असं नाही. गोदीत बर्फासकट तोललं गेलं असेल, किंवा पहाटेच्या घाईत बारदान वजा करायचं राहिलं असेल. कारण काहीही असो, पैसे माशाचेच द्यायचे.

कोळंबीत हा हिशेब जास्त चोरटा होतो. गोठवलेल्या कोळंबीवर बर्फाचा पातळ थर मुद्दाम चढवतात. हेतू प्रामाणिक आहे. फ्रीझरची कोरडी हवा उघड्या कोळंबीतलं पाणी शोषून घेते, ती पांढरी, चिवट पडते. बर्फाचा लेप तिला झाकून ठेवतो, जसं आपण कणगीला शेणाचं लिंपण करायचो. फक्त हा लेप वजनात धरायचा नसतो. आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेतही कोळंबीचं निव्वळ वजन लेप वगळूनच धरतात.

आपल्या पाकिटावर लिहिलंय: एकूण २ किलो, लेप १० टक्के, निव्वळ १.८ किलो. पाच पाकिटं, म्हणजे ९ किलो कोळंबी. आधी तापमान. दोन पाकिटं एकमेकांवर चिकटवून मधे सुई धरतात, पाकीट फोडायची गरज नसते. उणे १७ आलं, गल्लीत दोन मिनिटं गेली आहेत, ठीक आहे. मग पाकीट हलवून बघायचं. कोळंबी सुटी खुळखुळली पाहिजे. सगळी एका ढेकळात जमली असेल, तळाशी गुलाबी बर्फाची चकती असेल किंवा खोक्यावर वाळलेले ओघळ असतील, तर माल वाटेत वितळून पुन्हा गोठलेला आहे. संथ गोठताना पाण्याचे मोठे स्फटिक होतात, ते पेशी फोडतात, आणि शिजवताना कोळंबीचं सगळं पाणी कढईत उतरतं.

इथे तसं काही नाही. ताई दुपारी लागणारी दोन पाकिटं उघडतात, चाळणीत कोळंबी घेऊन गार पाण्याचा हलका फवारा मारतात. बोटांना बर्फाचा गुळगुळीत थर लागायचा थांबतो, खरखरीत कवच जाणवतं, तिथेच पाणी बंद. जास्त वेळ धरलं तर कोळंबीच वितळायला लागेल आणि पाकीट करणाऱ्यावर अन्याय होईल. दोन मिनिटं निथळून वजन: एक पाकीट १.६२, दुसरं १.६४. सरासरी १.६३, म्हणजे प्रत्येकी १७० ग्रॅम कमी. पाच पाकिटांत ८५० ग्रॅम. किलोला ६०० धरले तर ५१० रुपये. कोळंबी चांगली आहे, ती परत करायचं कारण नाही, फक्त पैसे खऱ्या वजनाचे द्यायचे. ही चाचणी रोज करणं शक्य नाही. नवीन बॅच आली की एक-दोन पाकिटांवर केली तरी पुरवठादाराला कळतं की इथे बघतात.

आता ते कोरे रकाने. ताईंच्या यादीत मालाची नावं आहेत, वजनं नाहीत. चलनही त्या तोलून झाल्यावरच हातात घेतात. डोळ्यासमोर आधीच "१५" लिहिलेलं असलं, की १४.९ आणि १५.१ यांच्यात झुलणारा काटा आपण १५ असाच वाचतो, आणि १४.१ दिसलं तर वाटतं काटाच हलला असेल. माणसाचा स्वभाव आहे तो, प्रामाणिक माणसाचासुद्धा. कागद कोरा असला की काटा जे म्हणतो तेच लिहिलं जातं. याच कारणाने माल मागवणारा आणि उतरवून घेणारा माणूस शक्यतो एक नसावा.

सही म्हणजे काय देतो आपण

सात वाजून गेलेत. आता तीन कागद शेजारी ठेवायचे: काल रात्रीची ऑर्डर, आत्ता लिहिलेली यादी आणि पुरवठादाराचं चलन किंवा बिल. नाव, प्रत, वजन, भाव हे तिन्हींत जुळलं पाहिजे. बिलावर अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक बघायचा, १ जानेवारी २०२२ पासून तो बंधनकारक आहे. पहिला अंक १ असेल तर परवाना, २ असेल तर लहान व्यावसायिकाची नोंदणी. पुढचे दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे १५. क्रमांक नसलेल्या बिलावर माल घेतला आणि पुढे कोणाला बाधला, तर तो कुठून आला हे दाखवायला आपल्याकडे काहीच उरत नाही.

चलनाच्या तळाशी बारीक अक्षरात बहुतेकदा छापलेलं असतं: "वरील माल पूर्ण व चांगल्या स्थितीत मिळाला." सही त्या वाक्याखाली होते. मालविक्रीचा १९३० चा कायदा खरेदीदाराला माल तपासायची वाजवी संधी देतो. ती मिळाल्याशिवाय माल स्वीकारला असं धरलं जात नाही. ठरल्यापेक्षा कमी माल आला तर तो नाकारताही येतो, किंवा आला तेवढा घेऊन तेवढ्याचेच पैसे देता येतात. पण तुम्ही पसंती कळवलीत, माल वापरायला घेतलात किंवा वाजवी वेळेत काहीच न बोलता ठेवून घेतलात, की तो स्वीकारला गेला. मासा कापून मसाला लावल्यावर "कमी होता हो" म्हणून फोन करण्यात अर्थ नसतो. कायदा बाजूला ठेवला तरी पुराव्याचा प्रश्न उरतोच: आपल्याच सहीचा कागद समोरच्याच्या हातात असतो.

एका हॉटेलात माझ्या हाताखालच्या मुलाने गर्दीच्या वेळी चलनावर सही केली आणि खोकी नंतर मोजली. दोन खोकी कमी निघाली. पुरवठादाराने शांतपणे सहीचा कागद दाखवला. मुलगा खरं बोलत होता हे मला ठाऊक होतं. पैसे हॉटेलनेच भरले, आणि त्या मुलाकडे पुढे कित्येक दिवस संशयाने बघितलं गेलं. ते मला अजून लागतं.

म्हणून दादरच्या ताई सही करण्याआधी चलनाच्या दोन्ही प्रतींवर, आकड्यांच्या शेजारीच लिहितात. सुरमई १५ खोडून १४.१, निव्वळ. जुना आकडा वाचता येईल अशी एकच आडवी रेघ, खाडाखोड नाही. कोळंबी ९ च्या जागी ८.१५, लेप जास्त, दोन पाकिटं तपासली. बांगडा ८ किलो, मधल्या थरात तापमान १२ व ११, परत. त्याखाली वेळ, ७ वाजून ५ मिनिटं. मग आपली सही, आणि टेम्पोवाल्याचीही. बांगड्याच्या क्रेटवर त्या खडूने मोठी फुली मारतात, म्हणजे तो पुढच्या हॉटेलात "आत्ताच आलाय" म्हणून उतरणार नाही. फुलीसकट क्रेटचा आणि सुईवरच्या आकड्याचा फोटो पुरवठादाराला जातो.

"शेठ ओरडतील मला," टेम्पोवाला म्हणतो.

"त्यांना सांगा, सुरमई फार छान होती. आणि उद्या बांगड्यात मधेही बर्फ घालायला सांगा, नुसता वर नको."

टेम्पो गल्लीतून मागे घेतला जातो. सुरमई सव्वासातच्या आत नव्या बर्फात आणि फ्रिजमध्ये जाते, कोळंबीची तीन पाकिटं फ्रीझरमध्ये. ताई पुढच्या दाराशी जाऊन फळ्यावरचं "बांगड्याचं तिखलं" पुसतात आणि त्या जागी अंडा मसाला लिहितात.